शून्य फरक

मुलुंडच्या त्या हॉस्पिटलात कॅश काउंटरचा एक कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितला जायचा. गल्ल्यात पैसे कमी भरले तर कॅशियरच्या पगारातून, जास्त भरले तर पाकिटात. पाकीट म्हणजे एक खाकी लिफाफा, अकाउंट्सच्या अनिरुद्ध सरांच्या ड्रॉवरमध्ये पडून असायचा. कुणाचे शंभर-दोनशे कमी आले आणि सरांचा मूड बरा असला, तर त्यातून खड्डा बुजवायचा. त्यामुळे पाकिटाबद्दल वाईट बोलायला कुणाची जीभ वळत नसे. जास्तीचे पैसे येतात ते कुणाच्या तरी खिशातून येतात, हा विचार करायला कॅश काउंटरवर कुणाला फुरसत होती!

श्रुतिकालाही नव्हती. गेल्या दिवाळीत तिच्या गल्ल्यात पाचशे कमी आले होते आणि सरांनी गुपचूप पाकिटातून भरले होते. तिने त्यांना घरचे रव्याचे लाडू नेऊन दिले. ही जी दुपार सांगायची आहे, ती नंतर जेव्हा जेव्हा आठवे, तेव्हा तिला त्या लाडवांचीच जास्त लाज वाटे.

तर त्या दिवशी दुपारी सकाळची पाळी संपली आणि तिने खिडकीवर "काउंटर बंद" ची पाटी लावली. शेजारच्या खिडकीत नितेश बसला होता, त्याने रांग आपल्याकडे वळवून घेतली. श्रुतिका गल्ला घेऊन मागच्या खोलीत आली. पाचशेच्या नोटा मशीनमधून दोनदा, बाकीच्या हाताने, शेवटी चिल्लर. पाचशेच्या तीनशे दहा, दोनशेच्या एकसष्ट, शंभराच्या त्र्याऐंशी, पन्नासच्या सत्तावीस, वीसच्या अठ्ठावीस, दहाच्या एक्केचाळीस, आणि एकशे तीस रुपयांची नाणी. प्रत्येक आकडा तिने कॅश शीटवर आपापल्या रकान्यात भरला, गुणाकार केले, बेरीज मारली. एक लाख सत्त्याहत्तर हजार नऊशे पन्नास.

मग कॉम्प्युटरचा रिपोर्ट. रोख पावत्या एक लाख शहाऐंशी हजार तीनशे पन्नास. त्यात सकाळी सुट्ट्या पैशांसाठी मिळालेले चार हजार मिळवायचे, त्यातून डिस्चार्ज झालेल्या पेशंटना परत दिलेलं डिपॉझिट, बारा हजार चारशे, वजा करायचं. उत्तर एक लाख सत्त्याहत्तर हजार नऊशे पन्नास. रुपयाला रुपया.

ज्याने कधी कॅश सांभाळलेली नाही त्याला त्या क्षणाचं सुख कळायचं नाही. खांद्यावरून ओझं उतरतं आणि एकदम भूक लागते. श्रुतिकाने रजिस्टर ओढलं, "फरक" च्या रकान्यात मोठं गोल शून्य काढलं, खाली सही केली. दुपारच्या पाळीसाठी गल्ला पुसून ठेवावा म्हणून तिने त्यातला प्लॅस्टिकचा ट्रे उचलला.

ट्रेखाली पाचशेच्या नोटा होत्या. तिने मोजल्या. दहा. सगळ्यात वरच्या नोटेच्या कोपऱ्यावर हळदीचा पिवळाजर्द डाग होता.

ती नोट तिने सकाळी दिव्याखाली धरली होती आणि नोटेचा मालक त्या वेळी खिडकीपलीकडे उभा होता.

सकाळी साडेदहाच्या गर्दीत एक म्हातारे गृहस्थ आले होते. गुणाजी. धुऊन धुऊन पांढरा पडलेला शर्ट, खिशाला सेफ्टी पिन, पिनेच्या आत रबर लावलेलं पुडकं. त्यांच्या बिल्डिंगमधला रिक्षावाला रतन जिन्यावरून पडला होता, खुब्याचं ऑपरेशन होतं, पन्नास हजार डिपॉझिट भरायचं होतं. पैसे रतनचे नव्हते, गुणाजींचेही नव्हते. बिल्डिंगच्या मंडळाची एक मदतपेटी होती, घरटी दरमहा पैसे जमायचे, आणि पेटीची चावी वर्षानुवर्षं गुणाजींकडे होती. कोकणातल्यांची घरं, विहारात जाणाऱ्यांची घरं, सगळ्यांचा पैसा एकाच पेटीत आणि सगळ्यांचा भरवसा एकाच माणसावर. हे सगळं त्यांनी कुणी न विचारता खिडकीतून सांगितलं. मागचे लोक चुळबुळ करत होते.

श्रुतिकाने पुडकं मशीनमध्ये लावलं. थोड्या नोटा गेल्या आणि मशीन बोंबललं. दहाव्या नोटेवर हळद होती, ती मशीनला संशयास्पद वाटली. काउंटरची पद्धत अशी, की मशीन ज्या नोटेवर अडेल ती आणि तिच्या आधीच्या नोटा बाजूला काढायच्या, ती दिव्याखाली बघायची, मग बाकीच्या लावायच्या. तिने दहा नोटा काढल्या, डागाची नोट पाहिली.

"ती खोटी नाय हां मॅडम," गुणाजी म्हणाले. "आमच्या मजल्यावर मसाले विकणारी बाय आहे, तिच्या डब्यातली."

नोट खरी होती. तेवढ्यात कॅज्युअल्टीचा वॉर्डबॉय "मॅडम, अर्जंट पावती!" करत खिडकीत घुसला. तिने दहाही नोटा ट्रेखाली सरकवल्या, त्याची पावती फाडली, आणि परत वळून उरलेलं पुडकं मशीनमध्ये लावलं. आकडा आला नव्वद.

मशीनवर "अ‍ॅड" चं बटण असतं. ते चालू असलं तर आधी काढलेल्या नोटाही पुढच्या मोजणीत धरल्या जातात. एरवी ते चालूच असायचं. त्या दिवशी नितेशने सकाळी शंभराची बंडलं बांधायला मशीन नेलं होतं आणि बटण बंद करून ठेवलं होतं. त्यामुळे काढलेल्या दहा सोडून उरलेल्या नव्वदच मोजल्या गेल्या. श्रुतिकाला वाटलं, हा आकडा सगळ्या पुडक्याचा.

"काका, दहा नोटा कमी आहेत."

"असां कसां होईल? शंभर आहेत. दोघांनी मोजल्या."

तिने तेच पुडकं पुन्हा लावलं. पुन्हा नव्वद. मशीन काय खोटं बोलणार! "बघा, दोनदा मोजलं. घरून नीट मोजून आणायचं ना काका. मागे लाइन बघा किती आहे."

ती अगदी अशीच बोलली. रांगेतलं कुणीतरी हसलंही. गुणाजींनी पिशवी झटकली, खिसे उलटे केले, खाली वाकून काउंटरच्या पायाशी पाहिलं. मग पंचेचाळीस हजारांची पावती घेतली. तिच्यावर छापलेलं होतं, पाचशे गुणिले नव्वद. उरलेले पाच हजार दोनच्या आत भरले नाहीत तर उद्याच्या ऑपरेशनच्या यादीतून नाव जाणार होतं.

दीडच्या सुमाराला ते परत आले होते. या वेळी दोनशेच्या, शंभराच्या आणि पन्नासच्या नोटा, घडी पडलेल्या, डब्यात ठेवल्याचा वास येणाऱ्या. मोजून बरोबर पाच हजार. या पैशांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत आणि श्रुतिकाने विचारलंही नाही. दुसरी पावती फाडून दिली, पुढचा माणूस बोलावला.

म्हणजे पन्नास हजार भरायला आलेल्या माणसाकडून तिने पंचावन्न हजार घेतले होते. आणि हिशेब जुळला होता! रजिस्टरमध्ये तिच्याच हाताने काढलेलं ते गोल गरगरीत शून्य तिच्याकडे बघत होतं. दीडशे पावत्यांची बेरीज-वजाबाकी तंतोतंत खरी आणि त्या खरेपणाखाली, ट्रेच्या तळाशी, एका म्हाताऱ्याची इज्जत दाबून ठेवलेली. तिला स्वतःचा असा संताप आला की तिने ते शीट तिथेच चुरगाळलं.

नोटा हातात घेऊन ती अनिरुद्ध सरांच्या केबिनमध्ये गेली.

अनिरुद्ध माणूस वाईट नव्हता असं सगळे म्हणायचे. ज्या माणसाला कुणाचंही वाईट करायला वेळ लागत नाही पण ज्याचा आवाज कधी चढत नाही, त्याच्याबद्दल लोक असंच म्हणतात. त्याने सगळं ऐकून घेतलं, नोटांकडे पाहिलं आणि ड्रॉवर उघडून खाकी पाकीट टेबलावर ठेवलं.

"टाक यात."

"सर, जास्तीचे नाहीत हे. कुणाचे आहेत ते माहितीये मला. तिसऱ्या मजल्यावर बसलेत ते."

"तुझं शीट टॅली आहे ना?"

"टॅली आहे, पण चुकीचं."

"टॅली आहे तर चुकीचं कसं, श्रुतिका?" तो हसला. "बरं, तुझं मन मानत नाही ना? वर जा, त्यांच्या हातात पाच हजार ठेव, सॉरी म्हण, विषय संपव. पेपरवर काही नको. शीट झीरोच राहू दे. पावती रद्द करायला घेतली तर कारण टाकावं लागेल, ऑडिटला जाईल, वर मीटिंगमध्ये मला विचारतील की तुमचा स्टाफ नोटा मोजतो की फेकतो. आणि मेमो तुला मिळेल, मला नाही. मी तुझ्याच भल्याचं सांगतोय."

खरं सांगायचं तर तिलाही ते पटलं. पैसे त्या माणसाला मिळतायत ना, मग झालं. मेमोचा अर्थ तिला चांगला ठाऊक होता. वार्षिक वाढ गेली. नवऱ्याची कंपनी भिवंडीला हलल्यापासून घरात तिचाच पगार वेळेवर येत होता. ती नोटा घेऊन जिन्याने वर निघाली.

तिसऱ्या मजल्यावरच्या जनरल वॉर्डात रतन पायाला वजन टांगलेल्या अवस्थेत पडला होता. उशाशी त्याची बायको शकु, आणि खिडकीपाशी मुलगा प्रितम, कुरियर कंपनीचा टी-शर्ट घातलेला, कानाला फोन. गुणाजी त्यांच्यात नव्हते. ते वॉर्डाच्या दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. आत जागा नव्हती असं नाही. शकुच्या शेजारचं स्टूल रिकामं होतं.

"काका," श्रुतिका म्हणाली, "तुमच्या दहा नोटा. माझ्याकडेच होत्या. माझी चूक झाली काका. नोटा शंभरच होत्या."

गुणाजींनी आधी नोटांकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहत राहिले. "शंभर होत्या?"

"शंभर."

"मी म्हटलं होतं." त्यांचा आवाज इतका बारीक होता की तिला वाकून ऐकावं लागलं. "मग माकाच वाटूक लागला, वय झाला, पडल्या असतील खंय तरी. बायकोच्या औषधाचे पैसे आणून भरले मी. तिला सांगितलं नाय अजून."

मग त्यांनी नोटा घेतल्या आणि लगबगीने आत गेले. श्रुतिका मागोमाग. गुणाजींनी हळदीची नोट वर धरली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा माणसासारखा उजेड आला. "प्रितम, बघ रे. मिळाल्या. दहाच्या दहा."

प्रितमने फोन कानावरून काढला. नोटा पाहिल्या, गुणाजींना पाहिलं. "कुठे मिळाल्या?"

"काउंटरवरच होत्या. या मॅडमकडे."

"अच्छा." तो अच्छा म्हणाला ना, तो ऐकायला हवा होता. "बरं झालं काका. मिळाल्या ना, मग जाऊ दे. कोणी काही बोलणार नाही तुम्हाला."

"काही बोलणार नाही म्हणजे?" श्रुतिका म्हणाली. "अहो, माझ्या हातून चूक झाली. यांनी शंभर नोटा दिल्या होत्या."

"मॅडम, तुम्ही चांगल्या आहात, म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घेताय, थँक्यू." प्रितमने खिशातून पंचेचाळीस हजारांची पावती काढून तिच्यासमोर उलगडली. "पण हे तुमचंच आहे ना? पाचशे गुणिले नव्वद. शिक्का आहे, सही आहे. दुपारपर्यंत मशीनने दोनदा मोजून नव्वद, आणि दहा नोटा कमी आल्या म्हणून मी मंडळाच्या सगळ्यांना फोन केल्यावर शंभर. कसं काय?"

"प्रितम!" अंथरुणावरून रतन ओरडला. "गप बस. काकांनी आपल्यासाठी—"

"मी काय वाईट बोललो पप्पा? विषय संपला म्हणतोय ना मी."

शकुने पदर तोंडाला लावला आणि ती भिंतीकडे बघू लागली. आणि श्रुतिकाला पलंगाशेजारच्या लॉकरवर एक चावी दिसली, दोरीत ओवलेली, लहानशी, पितळी. मंडळाच्या पेटीची. फोन झाल्यानंतर गुणाजींनी ती स्वतःच काढून तिथे ठेवली होती, आणि कुणी ती उचलून त्यांना परत दिली नव्हती.

गुणाजी तसेच उभे होते, हातात दहा नोटा घेऊन. पैसे परत मिळाले होते, आणि पैसे परत मिळाल्यानेच ते आता पक्के चोर ठरले होते. घाबरून चोरी परत करणारा म्हातारा! रिकाम्या हाताने आले असते तर निदान विसरभोळे तरी म्हटलं असतं त्यांना.

"मॅडम," ते म्हणाले, "कागदावर द्या ना कायतरी. पैसे नको मला. हे घ्या, ठेवा तुमच्याकडे. पण शंभर होत्या असं कागदावर लिहून द्या."

श्रुतिकाने त्या नोटा घेतल्या. ती जिना उतरू लागली. इतकी वर्षं ज्याला ती डोक्यावरचं छत्र समजत होती, ते खाकी पाकीट तिला आता स्पष्ट दिसत होतं. त्यातली एकेक नोट कुणीतरी असंच खिडकीखाली वाकून शोधली असणार. कुणाच्या सुनेने, कुणाच्या भावाने, कुणाच्या शेजाऱ्याने "अच्छा" म्हटलं असणार. आणि त्यातलेच पाचशे तिने दिवाळीत आपल्या खड्ड्यात घातले होते. वर लाडू वाटले होते!

खाली बँकेत भरणा नेणाऱ्या एजन्सीचा माणूस आला होता. रोज साडेतीनला यायचा, कमरेला बंदूकवाला सोबत, बाहेर जाळीची गाडी. तो नोटा नगाप्रमाणे मोजून घ्यायचा, कॅश शीटवर कॅशियरची आणि अकाउंट्सची अशा दोन सह्या बघायचा, मगच पिशवीला सील लावायचा. एक सही नसेल तर पिशवीला हात लावत नसे.

"मॅडम, जल्दी. गाडी डबल पार्किंगमध्ये आहे," तो म्हणाला.

टेबलावर नवं कॅश शीट छापून तयार होतं. चुरगाळलेलं अनिरुद्धला कचऱ्याच्या डब्याशी सापडलं होतं. आकडे तेच, फरक शून्य, त्याची सही झालेली. फक्त तिची बाकी.

"मी सही करणार नाही," श्रुतिका म्हणाली.

अनिरुद्धने तिला कोपऱ्यात घेतलं. "दिले ना त्यांना पैसे?"

"घेत नाहीत ते. त्यांची पहिली पावती रद्द करा. शंभर नोटांची, पन्नास हजारांची नवी पावती काढा. पाच हजारांची दुसरी रद्द करा आणि ते पैसे त्यांना रीतसर परत द्या. कारणाच्या जागी लिहा, कॅशियरची मोजणी चुकली. पासवर्ड तुमचा लागतो, म्हणून तुम्हाला सांगतेय."

"अगं, पण तसं केलंस तरी शेवटी शीट हेच येणार!" तो चिडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज जरासा वर गेला. "पावत्यांची बेरीज तीच, दहा नोटा गेल्या की पाचशेच्या तीनशे दहाच. फरक शून्य. एक आकडा तरी बदलतोय का? मग कशासाठी हा तमाशा?"

"पावतीवरचा आकडा बदलतोय. नव्वदचे शंभर होतायत. वर एक माणूस त्या नव्वदने चोर ठरलाय."

"तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे. हॉस्पिटलचा नाही."

"नव्वद कोणी छापलं? त्यांच्या घरच्यांनी?" आता ती ओरडत होती आणि नितेशच्या खिडकीपुढची रांग माना वळवून आत बघत होती. "मी छापलं सर! वर त्यांना घरून मोजून आणा म्हणून अक्कल शिकवली! लोक हसले त्यांना. कमी आले की आमचा पगार कापायला तुम्हाला कारण लागत नाही, पुरावा लागत नाही. जास्त आले की मात्र कोणाचे म्हणून विचारायचं नाही. कुणी ठरवलं हे? त्या पाकिटात आत्ता किती आहेत, आणि कोणाकोणाचे आहेत, सांगा ना मोठ्याने. रांगेत बरेच जण उभे आहेत, असेल कोणीतरी त्यांच्यातलाच."

"श्रुतिका, हळू—"

"माझेही पाचशे त्यातूनच गेलेत. ते मी पगारातून भरते. पण या शून्याखाली माझी सही होणार नाही."

नितेश खुर्चीतून अर्धा उठला होता. "ए श्रुतिका, जाऊ दे ना यार. आम्हाला पण कधी तरी लागतं ते पाकीट," तो हळूच म्हणाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत बसला आणि नंतर पावत्या फाडायच्या सोडून नखं बघत राहिला. बटण त्याने बंद ठेवलं होतं हे त्याला एव्हाना कळलं होतं.

एजन्सीच्या माणसाने घड्याळ दाखवलं. "साहेब, सही नसेल तर मी निघतो. कॅश इथेच राहील आज. मला लिहून द्या फक्त, भरणा तयार नव्हता म्हणून."

दिवसाचा भरणा गेला नाही तर रात्रीच्या आत वरून फोन येतो, आणि तो फोन कॅशियरला येत नाही, अनिरुद्धला येतो. म्हाताऱ्याच्या इज्जतीने जे झालं नाही ते त्या फोनच्या धास्तीने झालं. अनिरुद्ध दाणदाण पावलं टाकत कॉम्प्युटरपाशी गेला आणि पासवर्ड मारला. "कारण तूच टाइप कर," तो म्हणाला. "मेमोही तुलाच मिळेल. आज संध्याकाळीच."

"द्या."

तिने टाइप केलं. मशीनवरून काढून ठेवलेल्या दहा नोटा मोजणीत धरल्या नाहीत, चूक कॅशियरची, रक्कम भरणाऱ्याने शंभर नोटा पूर्ण दिल्या होत्या. दोन जुन्या पावत्या रद्द, एक नवी. पाच हजार परत दिल्याचं व्हाउचर. मग तिने गल्ला पुन्हा पहिल्यापासून मोजला, तो माणूस उसासे टाकत असताना. एक लाख सत्त्याहत्तर हजार नऊशे पन्नास. अनिरुद्धचं खरं होतं, एकही आकडा बदलला नाही. रजिस्टरमधलं जुनं शून्य तिने एक रेघ मारून खोडलं, बाजूला सही केली, आणि खालच्या ओळीत दुसरं शून्य काढलं. सुट्टे चार हजार काढून ठेवले, बाकीच्या पिशवीला सील लागलं, गाडी गेली.

ती वर गेली तेव्हा गुणाजी पुन्हा बाहेरच्या बाकावर होते. तिने त्यांना दंडाला धरून उठवलं आणि आत नेलं. प्रितमच्या हातात तिने नवी पावती दिली.

"वाच. मोठ्याने."

त्याने वाचली. पन्नास हजार, पाचशे गुणिले शंभर. खालचं कारण वाचताना त्याचा आवाज अडखळला. शेजारच्या दोन्ही खाटांवरचे पेशंट ऐकत होते. रतनने डोळे मिटून घेतले. शकु उठली, लॉकरवरची चावी उचलून दोन्ही हातांनी गुणाजींपुढे धरली. "भाऊजी, माफ करा. लेकरू आहे."

"सॉरी काका," प्रितम म्हणाला. "टेन्शनमध्ये होतो यार मी. सोडा ना आता. चावी घ्या."

गुणाजींनी आधी व्हाउचरवर सही केली आणि श्रुतिकाकडून दहा नोटा घेतल्या. सावकाश, एकेक करून, ओठ हलवत त्यांनी त्या मोजल्या आणि पिनेच्या आत ठेवल्या. पावती घडी घालून दुसऱ्या खिशात ठेवली. चावीला हात लावला नाही.

"फोन किती जणांना केलेलास?"

प्रितम खाली बघू लागला. "मंडळाच्या सगळ्यांना."

"मग आता परत कर. सगळ्यांना. माझ्यासमोर. स्पीकर लाव."

"काका, मी रात्री घरी गेल्यावर सांगतो ना सगळ्यांना—"

"माझ्या बायकोला सोसायटीच्या नळावर कोणी विचारलं असेल एव्हाना," गुणाजी म्हणाले. आता ते मुळीच बारीक आवाजात बोलत नव्हते. "रात्रीपर्यंत थांबायचं तिने? लाव फोन."

प्रितमने फोन लावला. रिंग गेली, वॉर्डभर ऐकू आली. पलीकडून कुणा बाईंचा आवाज आला, मागे मिक्सरची घरघर. "बोल रे प्रितम. काय झालं त्या पैशांचं?"

"मावशी, ते गुणाजीकाकांचं... मिटलं ते."

"मिटलं नाय म्हणायचं," गुणाजी म्हणाले. "शंभर होत्या म्हण."

प्रितमने एकदा आईकडे, एकदा श्रुतिकाकडे पाहिलं. मिक्सर थांबला होता.

"शंभर होत्या मावशी," तो म्हणाला. "काकांनी शंभरच दिल्या होत्या."

"आता दुसरा लाव," गुणाजी म्हणाले, आणि शकुच्या शेजारचं ते रिकामं स्टूल ओढून त्याच्यावर बसले.